कापलेलं फळ, पाणी आणि बर्फ: गाडीवरच्या तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळांची डिश, ज्यूस, उसाचा रस आणि गोळा विकणाऱ्यांचे अन्नसुरक्षेचे वर्ग मी घेते. वर्ग झाल्यावर त्यांच्या गाडीवर जाऊन तपासणीही करते. खालचे प्रश्न विक्रेत्यांनी वर्गात, गाडीजवळ उभं राहून आणि फोनवर विचारलेले आहेत. काही प्रश्न नव्या प्रशिक्षकांचे आहेत.

मॅडम, पेपर तर सोपा असतो. मग गाडीवर येऊन काय बघता?

पेपर सोपा असतो हे खरं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, फॉस्टॅक या प्रशिक्षण योजनेत रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी छोटा मूलभूत वर्ग आहे. त्याच्या शेवटी बहुपर्यायी प्रश्न येतात. "बर्फ कोणत्या पाण्याचा असावा?" असा प्रश्न आला की चार पर्यायांतला "पिण्यायोग्य" हा शब्द पाहून कुणीही बरोबर खूण करतं.

गाडीवर मी पाण्याचा माग काढते. हे पाणी कुठून आलं, कशात साठवलं, कशाने काढलं, कुठल्या भांड्यात गेलं, त्यात काय बुडवलं आणि शेवटी ते कुठल्या फळाला लागलं, एवढंच विचारते. बर्फ हेही पाणीच आहे आणि फळ धुणं, सुरी विसळणं, हात धुणं ही सगळी पाण्याचीच कामं आहेत. साखळीची एक कडी मळकट निघाली की पुढच्या सगळ्या कड्या वाया जातात. पेपरात ९० टक्के मिळवणारे बहुतेक वेळा याच साखळीत अडकतात, कारण पेपर प्रत्येक गोष्ट सुटी विचारतो.

कापलेलं फळ किती वेळ चालतं? कुणी दोन तास सांगतं, कुणी लगेच विका म्हणतं.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या ठिकाणांहून आली आहेत. अन्नसुरक्षा नियमांच्या अनुसूची ४ मध्ये फळं आणि रसाबद्दल म्हटलं आहे की कापलेलं किंवा रस काढलेलं फळ लगेच वापरावं. थोडा वेळ ठेवायचंच असेल तर ते निर्जंतुक केलेल्या, झाकलेल्या भांड्यात, फ्रिजमध्येच ठेवावं. दोन तासांची मर्यादा हा सर्वसाधारण अन्नसुरक्षेचा आडाखा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात, म्हणून नाशवंत पदार्थ तिथे दोन तासांहून जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास धरायचा. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने दोन तास विसरून जावेत आणि एकच लक्षात ठेवावा.

पेपरात "लगेच" हा पर्याय दिसला तर तोच निवडा. गाडीवर मात्र मी विचारते, "हे ताट कधी कापलं?" उत्तर "आत्ताच" असं आलं की मी ताटाच्या तळाशी किती पाणी सुटलंय ते बघते. कलिंगडाच्या फोडी मीठ-मसाल्याशिवायही पाणी सोडतात. बोटभर लाल पाणी साचलं असेल तर ते ताट "आत्ताच"चं नसतं.

थोडं गणित करून पाहू. अन्न आणि ऊब मिळाली तर काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. तीन तासांत असं नऊ वेळा होतं, म्हणजे शंभराचे एक्कावन्न हजारांच्या वर होतात. प्रत्येक फळात हा वेग गाठला जात नाही. अननस आंबट असल्यामुळे त्यात वाढ मंदावते. पण कलिंगड, खरबूज आणि पपई ही कमी आंबट फळं आहेत आणि डिशमध्ये बहुधा हीच असतात. वरून लिंबू पिळलं किंवा चाट मसाला टाकला म्हणून ती सुरक्षित होत नाहीत. लिंबाच्या चार थेंबांनी फोडीचा आतला भाग आंबट होत नाही.

साल काढूनच टाकतो, मग फळ धुवायचं कशाला?

सुरी सालीतून आत जाते म्हणून. सालीवरची माती, जंतू आणि बाजारात शंभर हातांनी लावलेली घाण सुरीच्या पात्याबरोबर गरापर्यंत पोहोचते. खरबुजाच्या सालीवरच्या जाळीत तर मळ रुतूनच बसतो. २०११ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया या जंतूची साथ आली होती. तिथल्या पॅकिंग शेडमधली यंत्रं नीट स्वच्छ होत नव्हती आणि जंतू फळाच्या सालीवर बसून घरोघरी गेले. त्या साथीत ३३ माणसं दगावली. साल कुणीच खाल्ली नव्हती.

उलट चूकही सर्रास दिसते. काही जण फळ कापून झाल्यावर फोडी बादलीत बुडवून "स्वच्छ" करतात. असं कधी करू नका. अख्खं फळ हात फिरवून धुता येतं, फोड धुता येत नाही. तिचा उघडा गर बादलीतलं पाणी आत ओढून घेतो.

५० पीपीएम क्लोरीन म्हणजे किती टोपणं?

वर्गात सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न हाच असतो, आणि गणित येणाऱ्यांनाही तो घाबरवतो. म्हणून सावकाश पाहू.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. मेडिकलमध्ये किंवा सफाईसामानाच्या दुकानात सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण मिळतं. त्यावर ५ टक्के लिहिलेलं असेल तर ते ५०,००० पीपीएमचं असतं. ते एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकलं की हजारपट पातळ होतं, म्हणजे ५० पीपीएम. हिशोब इतकाच. १० लिटरच्या बादलीला १० मिलिलिटर लागतं. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या टोपणावर ५ आणि १० मिलिच्या रेघा असतात. ते टोपण धुवून या कामासाठी बाजूला ठेवा आणि औषधासाठी परत वापरू नका. बाटलीवर ४ टक्के असेल तर लिटरला सव्वा मिलिलिटर धरा.

आता क्रम. आधी साध्या वाहत्या पाण्याखाली फळावरची माती चोळून काढा, कारण माती आणि पाला क्लोरीन खाऊन टाकतात. मग फळं ५० पीपीएमच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. शेवटी पिण्याच्या पाण्याने धुवा. बादलीतलं पाणी गढूळ दिसलं की ते संपलं असं समजून नवीन करा.

सुरी, पाट आणि ताट यांच्यासाठी द्रावण जास्त तीव्र लागतं. साधारण २०० पीपीएम, म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणाचे लिटरला ४ मिलिलिटर. त्याआधी साबणाने घासणं आलंच. चिकट मळावर क्लोरीन चालत नाही.

गोंधळ तीन ठिकाणी होतो. पहिला, बाटली उन्हात ठेवली किंवा जुनी झाली तर तिची ताकद उतरते. छोटी बाटली घ्या, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि ती सावलीत ठेवा. दुसरा, सुगंधी किंवा फेसाळ "ब्लीच" फळांसाठी नसतं. लेबलवर फक्त सोडियम हायपोक्लोराइट असायला हवं. तिसरा, संडास साफ करायचं ॲसिड आणि हे द्रावण कधी एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. तपासणीत मी वासावरून जात नाही. "किती टाकलं आणि कशाने मोजलं?" एवढंच विचारते. "अंदाजे" हे उत्तर आलं तर ती नोंद माझ्या वहीत लाल शाईने होते.

आमच्याकडे आरओचं पाणी आहे, टीडीएस मीटरवर ८० दाखवतं. आता तरी पास ना?

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. जंतू त्याला दिसतच नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचाही आकडा कमी येऊ शकतो आणि विहिरीच्या निर्धोक पाण्याचा जास्त. बरेच विक्रेते मोठ्या अभिमानाने मीटर बुडवून दाखवतात. त्यांचं मन मोडायला मलाही जिवावर येतं.

मग पाणी पिण्यायोग्य आहे हे कसं कळेल? नळाचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात केली जाते ती ओटी टेस्ट बघा. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग आला की पाण्यात उरलेलं क्लोरीन आहे असं समजायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन अपेक्षित आहे. रंग आलाच नाही तर पाणी घाणेरडंच आहे असं सिद्ध होत नाही. पण वाटेत काही मिसळलं तर ते मारायला पाण्यात आता काही शिल्लक नाही, एवढं कळतं.

जारचं पाणी घेत असाल तर सील आणि लेबलवरचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा. सील नसलेला, टेम्पोतून येणारा "थंडगार" जार कुठल्या नळावर भरला हे कुणालाच सांगता येत नाही. पाणी उकळून वापरत असाल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. तुरटीने गाळ तळाशी बसतो, जंतू मरत नाहीत.

या बाबतीत पुण्याने मोठी किंमत मोजली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. त्या दिवसांत पाणीपुरीवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना गिऱ्हाईक एकच विचारत होतं, "पाणी कुठलं?"

पाणी चांगलं आहे, तरी तुम्ही जारमध्ये तांब्या बुडवू देत नाही. का?

तांब्याबरोबर हातही बुडतो म्हणून. पैसे घेतलेली, नाक पुसलेली, फळांची साल काढलेली बोटं जारमध्ये गेली की वीस लिटर पाणी त्या एका हाताइतकंच स्वच्छ उरतं. जारला तोटी लावा किंवा जार तिरपा करायचा लोखंडी स्टँड घ्या. तोटी शक्यच नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा. ते आत सोडू नका, बाहेर स्वच्छ जागी अडकवून ठेवा.

बर्फात जंतू मरतात ना? इतकी थंडी असते.

नाही. थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण बरेच जिवंत राहतात आणि बर्फ वितळला की कामाला लागतात. टायफॉइडचे जंतू, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू, नोरोव्हायरस, हे सगळे गोठण्यातून तरून जाऊ शकतात. ज्या पाण्याचा बर्फ केला त्या पाण्याइतकाच बर्फ स्वच्छ असतो. त्याहून स्वच्छ होत नाही.

पेपरात हा प्रश्न "बर्फ सुरक्षित असतो कारण..." असा फिरवून येतो आणि तीन पर्याय थंडीबद्दल असतात. चौथा "पिण्यायोग्य पाण्यापासून बनवला असेल तरच" असा असतो. तोच बरोबर.

निळा बर्फ म्हणजे काय? पांढरा मिळाला तर तो खायचा समजायचा का?

२०१८ च्या जूनपासून असा दंडक आला की माल थंड ठेवण्यासाठी बनवलेल्या, म्हणजे न खाण्याच्या बर्फात खाद्य निळा रंग मिसळायचा. इंडिगो कार्माइन किंवा ब्रिलियंट ब्ल्यू, १० पीपीएमपर्यंत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही तो लागू केला. त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात मुंबई महापालिकेच्या तपासणीत बर्फाच्या नमुन्यांमध्ये ई. कोलाय सापडल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. ई. कोलाय सापडला म्हणजे पाण्याचा मैल्याशी कुठेतरी संबंध आलेला असतो.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र "नाही" असं आहे. निळी लादी दिसली तर ती गोळ्यात किंवा रसात घालायची नाही, हे नक्की. पण पांढरी लादी दिसली म्हणून ती खायची आहे असं ठरत नाही. रंग न घालणारे कारखाने आहेतच. म्हणून बर्फाच्या कारखान्याचं बिल मागा आणि त्यावर परवाना क्रमांक आणि "खाद्य बर्फ" असं लिहून घ्या. बिल मागितल्यावर बर्फवाला चिडला तर त्यातूनही बरंच कळतं.

कारखान्यातून चांगला निघालेला बर्फही वाटेत बिघडतो. टेम्पोच्या फळीवरून लादी ओढली जाते, गोणपाट आणि भुशात गुंडाळली जाते, फूटपाथवर ठेवून टोच्याने फोडली जाते. म्हणून गाडीवर मी बर्फाला अन्न म्हणून तपासते. लादी ठेवायला झाकणाचा डबा आहे का? वरचा थर स्वच्छ पाण्याने धुऊन टाकला का? फोडण्याचा टोचा आणि किसणी धुतात का? पिशवीबंद क्यूब महाग पडतात, मला माहीत आहे. पण ज्यूसवाल्यांनी एकदा हिशोब मांडून पाहावा. लादीचा बराच भाग वितळून आणि धुण्यात जातो, त्यामुळे किंमतीतला फरक वाटतो तेवढा राहत नाही.

फळांच्या फोडींवर बर्फ पसरला तर थंड राहतात. मग चूक काय?

चूक अशी की बर्फ वितळून फोडींवरूनच वाहतो. बर्फात जे असेल ते फळात जातं आणि ताटात पाणी साचतं. बर्फ फळाखाली ठेवा, फळावर नाही. एक मोठं पसरट भांडं घ्या, त्यात बर्फ घाला आणि त्यावर स्टीलचं उथळ ताट असं बसवा की वितळलेलं पाणी ताटात चढणार नाही. खालच्या भांड्याला पाणी निघायला भोक किंवा नळी असली तर उत्तम. वर झाकण किंवा काचेची पेटी ठेवा.

तरीही हे फ्रिज नाही. खालचा थर गार लागतो, पण उंच ढीग लावला असेल तर वरच्या फोडी कोमटच राहतात. म्हणून फोडींचा थर पातळ ठेवा आणि थोडं थोडं कापा. गारेगार डोंगर दुरून छान दिसतो खरा, पण मी सुई टोचायचा थर्मामीटर काढून वरच्या फोडीत घालते तेव्हा विक्रेत्याचा चेहरा पडतो.

एखाद्या गाडीची तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

दोन-तीन गाड्यांवर पाहिलेलं एकत्र करून सांगते, म्हणजे कुणाचं नाव नको.

स्टेशनबाहेर एका मावशींची फळांच्या डिशची गाडी. पेपरात वीसपैकी अठरा. मी दुपारी सव्वादोनला पोहोचले. पाट जमिनीपासून किमान ६० ते ७० सेंटिमीटर वर असावा असा नियम आहे, त्यांचा त्याहून थोडा उंचच होता आणि स्टीलचा होता. कचऱ्याच्या डब्याला झाकण होतं. सुरुवात चांगली होती.

मग मी पाण्याच्या मागे लागले. जार सीलबंद आणि परवान्याचा होता. पाणी मात्र त्या तांब्या बुडवून काढत होत्या आणि त्याच तांब्याने बाजूच्या बादलीत ओतत होत्या. त्या बादलीत सुरी विसळायची, हात विसळायचे आणि एक फडकं पिळायचं. ते फडकं बघण्यात माझा बराच वेळ गेला. अख्खं कलिंगड त्यानेच पुसलं जात होतं, सुरी त्यानेच पुसली जात होती आणि गिऱ्हाइकाला बसायचा बाकही त्यानेच. बादलीतलं पाणी सकाळी दहापासून बदललं नव्हतं.

फोडी सकाळी अकराला कापलेल्या. हे मावशींनीच सांगितलं, लपवलं नाही. म्हणजे सव्वातीन तास झालेले. फोडींवर बर्फ पसरलेला होता आणि तो ज्या थर्माकोलच्या खोक्यातून आला त्यात दुधाच्या पिशव्या आणि शीतपेयांच्या बाटल्याही होत्या. बाटल्यांच्या तळाला काय काय लागलेलं असतं ते ट्रक उतरताना बघा.

चांगलं पाणी कुठे बिघडलं ते सांगते. जारमध्ये होतं तोवर ठीक होतं. तांब्यापाशी बिघडलं, बादलीत आणखी बिघडलं आणि फडक्यातून सुरीवर, सुरीवरून गरात गेलं. बर्फाची वाट वेगळी होती, पण तीही त्याच ताटात संपली. मग अकरापासून सव्वादोनपर्यंतच्या उन्हाने उरलेलं काम केलं.

मावशींना मी पाच गोष्टी करायला सांगितल्या. जारला तोटी लावा. धुण्याची आणि हात धुण्याची बादली वेगळी ठेवा आणि पाणी तासातासाला बदला. फडकी दोन, वेगवेगळ्या रंगांची, बाकासाठी आणि पाटासाठी. सुरी फडक्याने पुसायचीच नाही, धुवायची. आणि एकदम सहा कलिंगडं न कापता एक कापा, ते संपत आलं की दुसरं. बर्फ फळाच्या खाली, आणि बर्फाच्या खोक्यात बर्फाशिवाय काही नाही.

तीन आठवड्यांनी परत गेले तेव्हा तोटी लागलेली होती, फडकी दोन होती, ताट बर्फाच्या वर बसवलेलं होतं. बादली मात्र तशीच गढूळ. "पाणी कुठून आणू मॅडम, नळ स्टेशनच्या आत आहे," मावशी म्हणाल्या. हे खरं कारण होतं. त्यावर आम्ही असा मार्ग काढला की घरून एक जादा वीस लिटरचा ड्रम फक्त धुण्यासाठी आणायचा आणि सुऱ्या तीन ठेवायच्या, म्हणजे विसळणंच कमी होतं.

प्लास्टिकचे हातमोजे घातले की पाणी वाचेल ना?

मोजा घालून नोटा घेतल्या की तो मोजाही नोटेइतकाच मळतो. शिवाय हात ओला-चिकट वाटत नाही, म्हणून माणूस धुवायचं विसरतो. पैसे एका माणसाने घ्यावेत आणि फळ दुसऱ्याने कापावं, हे सगळ्यात चांगलं. एकटेच असाल तर फोडी चिमट्याने किंवा काट्याने उचला. क्यूआर कोडने पैसे घेतले तर नोटांना हात लागत नाही, फोन मात्र फळाच्या हाताने उचलू नका. बोटाला जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा, आणि मग वर मोजा चालेल.

उसाच्या रसालाही हेच नियम का? तिथे तर काही कापत नाही.

रसवंतीवर "विदाऊट बर्फ" म्हणणारं गिऱ्हाईक निम्मं जिंकतं, पूर्ण नाही. ऊस सोलून ज्या पाण्यात भिजवला ते पाणी, चरकाच्या रोलांमध्ये अडकलेला कालचा चोथा आणि रस गाळायचं फडकं, हे तिन्ही रसात उतरतात. चरक रोज रात्री उघडून धुवा. गाळणी स्टीलची घ्या, कापडाची नको. काही ठिकाणी बर्फ उसाबरोबर चरकातूनच काढतात. तसं केलं तर बर्फाचा सगळा इतिहास रसात येतो आणि गिऱ्हाइकाला नको म्हणायची संधीही उरत नाही.

मला काल जुलाब होते, आज बरं आहे. गाडी लावू का?

शेवटचा जुलाब किंवा उलटी झाल्यानंतर ४८ तास फळ कापू नका. बरं वाटू लागल्यावरही जंतू शरीरातून बाहेर पडत असतात. कावीळ किंवा टायफॉइड झाला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. दोन दिवसांची कमाई जाते हे मला कळतं, म्हणून सुचवते की त्या दिवसांत गाडीवर अख्खी फळं विका. केळी, संत्री, मोसंबी ही गिऱ्हाईक स्वतःच सोलून खातं.

नापास झालो तर काय होतं?

पेपर पुन्हा देता येतो. माझ्या गाडीवरच्या तपासणीत राहिलेलं काम मी तारीख घालून लिहून देते आणि परत येते. निळा बर्फ गोळ्यात दिसला, पाण्याचा पत्ता कुणालाच सांगता आला नाही किंवा जुलाब झालेला माणूस फळ कापताना दिसला, तर मी तारीख देत नाही. त्या दिवशीचा माल तिथेच बाजूला ठेवायला सांगते. बहुतेक जण ऐकतात. एकदा एका काकांनी रागाने सगळं कलिंगड कचऱ्यात ओतलं आणि मग मला विचारलं, "आता नवीन कापून दाखवू का, नीट?" दाखवलं, आणि नीटच कापलं होतं.